रिकाम्या ओळीतही न अडखळणारी शिल्लक

देवगडच्या आमच्या आंब्याच्या बागेचा बँक हिशोब मी एक्सेलमध्ये ठेवतो. C मध्ये नावे, D मध्ये जमा, E मध्ये शिल्लक. आठवडा संपला की एक ओळ मोकळी सोडायची, वाचायला बरं पडतं. पण त्या ओळीत शिल्लक दिसू नये म्हणून `""` घातलं की खालच्या `=E4-C5+D5` मध्ये `#VALUE!` येई, कारण `""` हा मजकूर आहे आणि मजकुरातून वजाबाकी होत नाही.

उपाय म्हणजे वरच्या शिलकेवर अवलंबूनच राहायचं नाही. आरंभीची शिल्लक E2 मध्ये ठेवून E3 मध्ये हे लिहिलं आणि खाली ओढलं:

```
=IF(COUNT(C3:D3)=0,"",E$2+SUM(D$3:D3)-SUM(C$3:C3))
```

आरंभी २०,०००. तिसऱ्या ओळीत पेट्यांचे ४,५०० नावे, शिल्लक १५,५००. चौथी मोकळी. पाचवीत व्यापाऱ्याचे १२,००० जमा, शिल्लक बरोबर २७,५००.

एक मात्र जपा. बँकेच्या स्टेटमेंटमधून चिकटवलेली रक्कम कधीकधी मजकूर म्हणून येते. `SUM` ती मुकाट्याने सोडून देतं आणि खालच्या सगळ्या शिलका चुकतात. रक्कम दिसते पण शेजारी शिल्लक कोरी, ही त्याची खूण. त्या सेलचा फॉरमॅट General करून ती रक्कम हाताने पुन्हा टाइप केली की हिशोब जुळतो.