बेरीज ३२ आली तरी टॅग चुकलेला असू शकतो: कॅशची उत्तरे तपासताना आलेला अनुभव

नांदेडमध्ये अभियांत्रिकीच्या मुलांना संगणक संरचना हा विषय शिकवताना आणि त्यांच्या सरावाच्या वह्या तपासताना एक प्रश्न माझ्यासमोर सतत येत राहिला, तो म्हणजे दिलेल्या कॅशसाठी पत्त्याचे टॅग, इंडेक्स आणि ऑफसेट असे तीन भाग किती किती बिटांचे होतील हे सांगण्याचा. गेटच्या तयारीला बसलेल्या मुलांना तो सोपा वाटतो, आणि म्हणूनच त्याचे उत्तर ते पुन्हा तपासत नाहीत. या विषयाच्या वह्या जे नव्याने तपासायला घेणार आहेत किंवा स्वतःचे उत्तर स्वतःच पडताळू पाहत आहेत, त्यांच्यासाठी मी माझी तपासणीची पद्धत इथे मांडत आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. कॅश ३२ केबीची, ब्लॉक ६४ बाइटचा, रचना फोर-वे सेट असोसिएटिव्ह आणि पत्ता ३२ बिटांचा; मेमरी बाइट अॅड्रेसेबल, म्हणजे प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता आहे. ब्लॉकमध्ये ६४ बाइट असल्यामुळे ऑफसेट ६ बिटांचा होतो. ३२ केबीला ६४ने भागले की ५१२ लाइन मिळतात, आणि एका सेटमध्ये चार लाइन असल्यामुळे सेट १२८ होतात, म्हणून इंडेक्स ७ बिटांचा. उरलेले १९ बिट टॅगचे.

एका विद्यार्थ्याच्या वहीत मात्र इंडेक्स ९ आणि टॅग १७ असे होते. मी त्यावर खूण करताच तो म्हणाला, "सर, पण १७, ९ आणि ६ची बेरीज तर ३२च येते की." त्याचे म्हणणे खरे होते, आणि नेमके त्याच बोलण्यामुळे चूक कुठे दडते हे माझ्या लक्षात आले. टॅग आपण नेहमी वजाबाकीने काढतो. म्हणजे इंडेक्स कितीही चुकला तरी टॅग त्याला सांभाळून घेतो आणि बेरीज जुळतेच. ज्या बेरजेवर मुले विसंबतात ती बेरीज काहीच तपासत नाही. त्याने ५१२ लाइनवरून इंडेक्स काढला होता, सेटवरून नव्हे. डायरेक्ट मॅप्ड कॅशमध्ये एका सेटमध्ये एकच लाइन असल्याने हा फरक दिसत नाही, आणि मुले आधी तोच प्रकार शिकत असल्यामुळे लाइनची संख्या इंडेक्सला जोडण्याची सवय तिथेच लागते.

म्हणून मी पहिली तपासणी वजाबाकीला अजिबात हात न लावता करतो. इंडेक्स आणि ऑफसेट मिळून कॅशच्या एका वेमधली जागा ठरवतात, त्यामुळे उत्तरातल्या आकड्यांवरून कॅशचा आकार उलटा बांधून पाहता येतो:

```
2^(index + offset) * ways = cache size
2^(7 + 6) * 4 = 32768     (32 KB)
2^(9 + 6) * 4 = 131072    (128 KB)
```

त्या विद्यार्थ्याच्या उत्तरातून १२८ केबीची कॅश तयार होते आणि प्रश्नात ती ३२ केबीची आहे, एवढे त्याच्यासमोर मांडल्यावर आणखी काही समजावून सांगावे लागले नाही. यातूनच टॅगची स्वतंत्र तपासणीही निघते. एक वे ८ केबीचा, म्हणजे २चा १३वा घात. पत्ता ३२ बिटांचा. म्हणून टॅग १९. इथे ब्लॉकचा आकार कुठेच लागत नाही. ब्लॉक ३२ बाइटचा असो वा १२८ बाइटचा, कॅशचा आकार, वेची संख्या आणि पत्त्याची लांबी तीच असेल तर टॅग बदलत नाही, केवळ इंडेक्स आणि ऑफसेट यांच्यामधली रेघ सरकते. हे मुलांना सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते, पण एकदा कागदावर करून पाहिले की ते विसरत नाहीत.

पण याच गोष्टीमुळे या तपासणीला मर्यादाही येते, आणि ती मला उशिरा कळली. काही वर्षांपूर्वी एका शिकवणीसाठी मी उत्तरसूची तपासून दिली होती. त्यात हाच प्रश्न ब्लॉक १६ वर्डचा आणि वर्ड ४ बाइटचा, अशा शब्दांत होता. सूचीत ऑफसेट ४, इंडेक्स ९ आणि टॅग १९ असे छापले होते. मी आकार बांधून पाहिला, तो ३२ केबी आला. टॅगही १९ होता. मी बरोबरची खूण केली. लिहिणाऱ्याने १६ वर्डचा ब्लॉक १६ बाइटचा समजून सेट ५१२ काढले होते, आणि ४ अधिक ९ हे ६ अधिक ७ इतकेच भरत असल्यामुळे दोन्ही तपासण्या त्या चुकीला शिवल्यासुद्धा नाहीत. मुलांच्या हाती ती सूची गेल्यानंतर चूक उघड झाली, याची रुखरुख मला अजूनही वाटते.

तेव्हापासून मी दुसरी तपासणी प्रत्यक्ष पत्ते घालून करतो. ब्लॉकचा पहिला बाइट आणि शेवटचा बाइट एकाच सेटमध्ये पडले पाहिजेत, आणि त्याच्या पुढचा बाइट पुढच्या सेटमध्ये. ६४ बाइटचा एक ब्लॉक 0x1A00 पासून 0x1A3F पर्यंत जातो. ऑफसेटचे ६ बिट सोडून पुढचे ७ बिट घेतले की दोन्ही पत्त्यांचा सेट १०४ येतो, आणि 0x1A40 चा १०५. सूचीतल्या विभागणीने पाहिले तर पहिल्या पत्त्याचा सेट ४१६ आणि दुसऱ्याचा ४१९ येतो. म्हणजे एकच ब्लॉक निरनिराळ्या सेटमध्ये विखुरला जातो, जे शक्यच नाही. शिवाय या कॅशमध्ये सेट ० ते १२७ एवढेच आहेत, त्यामुळे ४१६ हा क्रमांक दिसताच थांबायला हवे.

दुसरी जोडी मी एका वेच्या अंतरावरची घेतो. 0x1A00 मध्ये ८१९२ मिळवले की 0x3A00 होतो. योग्य विभागणीत सेट तोच, १०४, राहतो आणि टॅग ०चा १ होतो. लाइनवरून इंडेक्स काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या विभागणीत मात्र पहिला पत्ता १०४मध्ये आणि दुसरा २३२मध्ये गेला. म्हणजे त्याच सेटमध्ये एकमेकांची जागा घेऊ शकणारे दोन ब्लॉक त्याच्या उत्तरात कधी भेटतच नाहीत, आणि पुढे मिसची संख्या विचारली तर तीही चुकते.

वर्डचा प्रश्न आला की आधी एक ओळ नीट वाचावी: पत्ता बाइटला दिला आहे की वर्डला. याच उदाहरणात मेमरी वर्ड अॅड्रेसेबल असती, तर ऑफसेट खरोखरच ४ बिटांचा झाला असता, पण त्याबरोबर पत्ताही ३० बिटांचा झाला असता, कारण ४ जीबीमध्ये ४ बाइटचे २चा ३०वा घात इतके वर्ड असतात. इंडेक्स ७ आणि टॅग १९ तसेच राहतात. मुले बहुतेक वेळा ऑफसेट बदलतात आणि पत्ता ३२ बिटांचाच ठेवतात, मग टॅग २१ निघतो. वहीत टॅग अपेक्षेपेक्षा नेमका दोनने जास्त दिसला, की मी सगळे गणित पुन्हा न करता थेट त्या ओळीकडे जातो. आणि इंडेक्स दोनने वाढून टॅग दोनने घटलेला असेल, तर फोर-वेचा भागाकार राहिला आहे का हे आधी पाहतो.