फायबर वाढवल्यावर पोट फुगतंय? माझा अनुभव

बद्धकोष्ठासाठी मटकीची उसळ, ओट्स आणि इसबगोल एकदम सुरू केलं. संध्याकाळी कोथरूडला घरी पोचेपर्यंत पोट ढोलासारखं ताठ! ओवा-हिंगाने तेवढ्यापुरतंच बरं वाटे. फार वैताग आला.

फायबर लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यातून गॅस होतो. वाढलेल्या फायबरला सरावायला आतड्यांना काही आठवडे लागतात.

आधी तिन्ही बंद केलं. पोट शांत झाल्यावर फक्त मटकी, भिजवलेलं पाणी फेकून देऊन मऊ शिजवलेली, दुपारी पाव वाटी. आठवडाभर त्रास नसेल तरच अर्धी. फुगलं की पुन्हा पाव. मग ओट्स. इसबगोल शेवटी, एक छोटा चमचा पेलाभर पाण्यात, लगेच प्यायचं. पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठ उलट वाढतं.

शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल तर हे प्रयोग नकोत, डॉक्टर गाठा.