ठोका पडला की दिवा मिचकतो: फ्लिकरवर खर्च करण्याआधी या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीत लोखंडी कपाटं बनवणारं एखादं शेड डोळ्यासमोर आणा. स्पॉट वेल्डिंगच्या मशीनवर पायडल दाबलं की ठोका पडतो आणि त्याच क्षणी ऑफिसमधला बल्ब मिचकतो. या मिचकण्यालाच फ्लिकर म्हणतात. शेजारचा शेडवाला तक्रार घेऊन येतो. मालक वायरमनला बोलावतो, वायरमन मल्टिमीटर लावतो. मीटर २३८ दाखवतो, फार तर २३६. ‘व्होल्टेज तर मस्त आहे,’ म्हणून वायरमन निघून जातो.

पहिली चूक इथेच होते. डोळ्याला त्रास होतो तो व्होल्टेज किती आहे याचा नसून ते किती वेळा आणि किती झटक्यात बदलतं याचा. ठोका जेमतेम दहा सायकलचा, म्हणजे ०.२ सेकंदाचा असतो. साधा मीटर तेवढ्या वेळात धड आकडाही बदलत नाही. शिवाय माणसाची नजर सेकंदाला साधारण नऊ वेळा होणाऱ्या चढउताराला सगळ्यात हळवी असते. त्या वेगाला पाव टक्क्याच्या आसपासची हालचालही जाणवू लागते. मिनिटाला एकच बदल होत असेल, तर पावणेतीन टक्क्यांपर्यंत माणूस सहन करतो.

म्हणून फ्लिकर मोजायला वेगळं उपकरण लागतं. चांगल्या पॉवर अ‍ॅनालायझरमध्ये ते असतंच. आयईसी ६१०००-४-१५ या मानकाप्रमाणे ते जुना ६० वॅटचा बल्ब, डोळा आणि मेंदू यांची नक्कल करतं आणि दर दहा मिनिटांनी Pst नावाचा आकडा देतं. १ म्हणजे बहुतेकांना खटकू लागेल अशी मर्यादा. दोन तासांतल्या अशा बारा आकड्यांवरून Plt हा लांब मुदतीचा आकडा निघतो. एलईडी लावून मिचकणं कमी दिसलं, तरी Pst तेवढाच राहतो, कारण तो व्होल्टेजवरून काढलेला असतो. तक्रारीचा निकाल दिव्यावर नव्हे, या आकड्यावर लागतो.

दोष कुणाचा, हे न बघता मोजणं

अ‍ॅनालायझर नुसता व्होल्टेजला जोडू नका, करंटचे क्लॅम्पही लावा. तुमचा करंट उसळला आणि त्याच क्षणी व्होल्टेज बसलं, तर फ्लिकर तुमचा. व्होल्टेज बसताना तुमचा करंट जागचा हलला नाही किंवा उलट कमी झाला, तर त्रास फीडरवरून येतोय. एका दुपारचं मोजमाप पुरत नाही. आठवडाभर ठेवा, म्हणजे साप्ताहिक सुट्टीचा दिवसही त्यात येतो. आणि फीडरवर कुठे फॉल्ट होऊन एखादा मोठा डिप आला, म्हणजे व्होल्टेज क्षणभर खूप खाली गेलं, तर त्या दहा मिनिटांचा Pst एकदम आभाळाला भिडतो. असे आकडे बाजूला काढल्याशिवाय कुणावर बोट दाखवू नका.

आधी गणित, मग खरेदी

हे गणित करायला फार तर पाच मिनिटं लागतात, पण करत कुणी नाही. समजा त्या शेडला ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि नेमप्लेटवर इम्पिडन्स ५ टक्के लिहिलाय. ५०० भागिले ०.०५, म्हणजे एलटी बाजूची शॉर्टसर्किट क्षमता १०,००० केव्हीए. ही जितकी जास्त, तितकं लोडच्या धक्क्याने व्होल्टेज कमी हलतं. ११ केव्ही लाइनचा इम्पिडन्स इथे सोडून देऊ. स्पॉट मशीन आर आणि वाय अशा दोन फेजवर आहे, ठोक्याच्या वेळी १०० केव्हीए खेचतं आणि पॉवर फॅक्टर ०.५ आहे. १०० भागिले १०,००० म्हणजे १ टक्का. पण लोड दोनच फेजवर असल्यामुळे आणि करंट बराच मागे असल्यामुळे फेज ते न्यूट्रल मोजलं, तर एका फेजवर घट सुमारे १.७ टक्के येते, दुसऱ्यावर १.१ टक्के. तिसऱ्या फेजवर जवळजवळ काहीच नाही.

आता मिनिटाला २० ठोके धरा. प्रत्येक ठोक्यात व्होल्टेज एकदा बसतं आणि एकदा उठतं, म्हणजे ४० बदल. मानकातल्या तक्त्यात या वेगाला Pst १ येण्यासाठी सुमारे ०.९ टक्के बदल पुरतो. आपला १.७ आहे, म्हणून Pst जवळपास १.९. शेजाऱ्याची तक्रार खरी आहे.

याच गणितात एक फुकटचा उपाय दडलाय: आपल्या ऑफिसचे दिवे तिसऱ्या फेजवर घ्या. हा आपल्यापुरता इलाज. शेजाऱ्याचे दिवे त्याच ट्रान्सफॉर्मरवर असतील, तर त्याचा प्रश्न तसाच राहतो.

एपीएफसी पॅनल हा इलाज नव्हे

सगळ्यात महाग चूक ही. पॉवर फॅक्टरसाठी आलेलं कॉन्टॅक्टरवालं पॅनल फ्लिकरही घालवेल, असं सांगून विकलं जातं. जरा वेळाकडे बघा. रिले काही सेकंद सरासरी काढतो, मग कॉन्टॅक्टर ओढतो, आणि कपॅसिटर एकदा सुटला की डिस्चार्ज होईपर्यंत पुन्हा लावता येत नाही. ठोका ०.२ सेकंदात संपलेला असतो. पॅनलने महिन्याचा सरासरी पॉवर फॅक्टर सुधारतो, बिलात फरकही दिसतो, पण ठोक्याच्या वेळचा बदल होता तेवढाच राहतो. कपॅसिटर कायम जोडून ठेवले, तर व्होल्टेज थोडं वर सरकतं आणि तिथूनच तेवढंच खाली येतं. पॅनल वारंवार आतबाहेर करू लागलं, तर त्याची स्वतःची धक्काबुक्की वेगळीच.

इथे थायरिस्टर या झटपट चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने लागणारे कपॅसिटर हवेत, आणि तेही त्याच दोन फेजमध्ये जोडलेले. तिन्ही फेजला सारखे लावून उपयोग नाही. १०० केव्हीएमधले ८७ केव्हीएआर रिअ‍ॅक्टिव्ह आहेत. ते ठोक्यासोबत तिथल्या तिथे भागवले, तर वाईट फेजवरची घट १.७ वरून ०.५५ टक्क्यावर येते आणि Pst ०.६ च्या आसपास उतरतो. शून्य होत नाही, कारण ५० किलोवॅट तर खेचलेच जातात. एक अट पाळावी लागते. कंट्रोलर करंट बघून जागा होणारा असेल, तर दहा सायकलच्या ठोक्यातली पहिली सायकल निसटते आणि व्होल्टेजला बारीक खाच राहते. म्हणून वेल्डिंग टायमरचा सिग्नल थेट कंट्रोलरला द्या. कपॅसिटरला सीरिजमध्ये डिट्यून रिअ‍ॅक्टर असलाच पाहिजे, नाहीतर हार्मोनिक्सने तेच जळतील.

मशीन बदलायचंच असेल, तर तीन फेजवरचं इन्व्हर्टर स्पॉट मशीन बघा. त्याचा पॉवर फॅक्टर चांगला असतो, तिन्ही फेज सारख्या लोड होतात, म्हणून कपॅसिटरचा पसारा बहुधा लागतच नाही. दोन मशीनचे ठोके एकाच वेळी पडणार नाहीत असा इंटरलॉक तर आजच लावता येतो.

भट्टीला हाच नुस्खा चालत नाही

आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच फाउंड्रीत इंडक्शन भट्टी असते, पण आर्क भट्टी असेल तर खेळ वेगळा. भंगार वितळताना आर्क सेकंदाला कितीतरी वेळा वेडावाकडा बदलतो. इलेक्ट्रोड भंगारात घुसत असताना सगळ्यात जास्त; धातू पाणी झाल्यावर आर्क बराच शांत होतो. अंदाज असा: भट्टीची शॉर्टसर्किट क्षमता भागिले पुरवठ्याची, गुणिले साधारण ६०. भट्टीची ३० एमव्हीए आणि पुरवठ्याची ६०० असेल, तर Pst ३. एसव्हीसी म्हणजे थायरिस्टरने रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर भागवणारी मोठी यंत्रणा. तिला फायरिंगसाठी अर्धी ते एक सायकल लागते, त्यामुळे फ्लिकर साधारण निम्मा होतो, इथे १.५. आणखी मोठं एसव्हीसी घेऊन फार फरक पडत नाही, कारण अडचण वेगाची आहे. स्टॅटकॉम हेच काम इन्व्हर्टरने करतो आणि वेगवान असल्याने फ्लिकर चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आणू शकतो. किंवा जोडणीच वरच्या व्होल्टेजच्या बसवर न्यावी, जिथे शॉर्टसर्किट क्षमता २,००० एमव्हीए मिळाली तर तोच ३ एकदम ०.९ वर येतो.

बसवल्यानंतर पूर्वीइतकंच उत्पादन चालू असलेल्या आठवड्यात, त्याच जागी, त्याच फेजवर पुन्हा मोजा. ऑर्डर कमी असलेल्या आठवड्यात Pst आपोआप उतरतो, आणि पॅनलवाला नेमका तोच रिपोर्ट बिलासोबत पाठवतो.