वर्गात मधेच ओरडणं, जागा सोडणं थांबत नव्हतं, शेवटी हे चाललं (माझा अनुभव)

चौथीचा वर्ग, ३२ मुलं. गणिताच्या तासाला हात वर न करता ओरडणं आणि उठून फिरणं, रोजचंच. फळ्यावर नावं लिहून पाहिली, तर त्याच एका मुलाचं नाव रोज वर आणि बाकीचे त्याच्याकडेच बघत बसायचे. जागा बदलल्या, दोन दिवसात परत तेच. घरी येऊन डोकं धरून बसायचे मी.

मग आधी ३ दिवस फक्त मोजलं, कोणाचंही नाव न लिहिता, १० मिनिटात पूर्ण वर्गात किती वेळा नियम मोडले जातात ते. साधारण १८ यायचे. मग गटांचा एक खेळ सुरू केला, वर्गाचे ४ गट केले, त्या मुलाला वेगळा गट नाही, जिथे बसतो तिथेच. नियम दोनच, बोलायच्या आधी हात वर आणि विचारून उठायचं, आणि दोन्ही आधी करून दाखवले, सराव घेतला. खेळ १० मिनिटांचाच, नियम मोडला की गटाला एक खूण, शांत आवाजात "गट २, हात वर करून" एवढंच, नाव नाही. ४ किंवा कमी खुणा असलेले सगळे गट जिंकतात, एकमेकांशी स्पर्धा नाही, हे महत्त्वाचं, कारण आधी मी एकच विजेता ठेवलेला तर हरलेल्या गटाने त्याच मुलावर खापर फोडलं. बक्षीस लगेच, २ मिनिटं आवडीचा खेळ.

दुसऱ्या आठवड्यात ६-७ वर आलं. मग मर्यादा ३ केली, वेळ १५ मिनिटं. खेळ नसलेल्या तासाला मात्र अजून गोंधळ असतो, तिथे वेगळा घ्यावा लागतो.