खिशात फोन, कानात खरखर

घरात ब्लूटूथ हेडफोन नीट चालतो आणि मोकळ्या मैदानावर फिरायला गेलं की गाणं तुटतं, असं होत असेल तर हेडफोनला शिव्या देण्याआधी फोनचा खिसा बदलून पाहा.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि आपल्या शरीरातलं पाणी त्या लहरी चांगल्याच शोषतं. फोन पँटच्या मागच्या डाव्या खिशात आणि हेडफोनचा अँटेना उजव्या कानाशी असेल, तर मध्ये आपणच आडवे येतो. घरात भिंतींवरून परतलेल्या लहरी वळसा घालून कानापर्यंत पोचतात. मैदानात भिंतच नाही, मग परतणार कुठून? फोन शर्टाच्या खिशात किंवा अँटेनाच्या बाजूला ठेवा. अँटेना कुठे आहे हे माहीत नसेल तर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं चालून बघा.

खिसा बदलूनही, फोन हातात समोर धरूनही तुटत असेल, तर गर्दीचा संशय घ्या. वायफायही त्याच पट्ट्यात बोलतं. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळापर्यंत चॅनेल बदलत गर्दी चुकवतं, पण गजबजलेल्या स्टेशनवर मोकळी जागाच उरत नाही. घरी मात्र इलाज आहे: फोन आणि लॅपटॉप राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ वायफायवर टाका. ते वायफाय भिंतीपलीकडे लवकर कमजोर पडतं, त्यामुळे लांबच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचंच ठेवावं लागेल. आणि मायक्रोवेव्ह चालू असताना स्वयंपाकघरात गाणं अडखळलं, तर हेडफोन बिघडलेला नाही; मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो.