भाताची पाकिटं फ्रीझरमध्ये: घोळ होतो तो पहिल्या तासात

भात फ्रीझ करण्याबद्दलच्या सल्ल्यांमध्ये पिशवी कुठली घ्यावी यावर दहा ओळी असतात. कुकर उघडल्यापासून पाकीट फ्रीझरमध्ये जाईपर्यंत काय करायचं, यावर मात्र एकच ओळ मिळते: 'भात पूर्ण थंड होऊ द्या.' मग भात कुकरच्या डब्यातच, झाकण ठेवून, ओट्यावर राहतो. जेवणं होतात, मालिका संपते आणि रात्री साडेअकराला कुणाला तरी आठवण होते. तोवर डब्याच्या मध्यभागी भात अजून कोमटच असतो. ठाण्यात मे महिन्यात तर तो थंड होणार तरी कसा?

हे कोमट राहणंच धोक्याचं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही टिकतात. भात ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे रेंगाळला की त्यांतून जिवाणू उगवतात, वाढतात आणि त्यांचे काही प्रकार भातात विष तयार करतात. ते खाल्लं की काही तासांतच उलट्या सुरू होऊ शकतात. आणि हे विष उष्णतेने मोडत नाही. म्हणून 'सकाळी फोडणीला टाकून चांगला परतला की काही होत नाही' हे खरं नाही. परतल्याने जिवाणू मरतील, विष तसंच राहील. वासावरही भरवसा ठेवू नका, कारण असा भात आंबलेला लागेलच असं नाही. फ्रीझरही काही सुधारत नाही. जसा भात आत गेला, तसाच तो बाहेर येतो.

म्हणून माझा नियम असा, की गॅस बंद करून कुकर उघडला की तासाभरात पाकिटं फ्रीझरमध्ये. फ्रीझरसाठीचा भात जेवणाआधीच बाजूला काढायचा. पंगत उठल्यावर उरलेला, चार हात लागलेला भात मी फ्रीझ करत नाही.

याच पायरीने मला बराच काळ छळलं. पंख्याखाली जास्त वेळ ठेवला तर शितं वरून कडक होतात आणि घाईने वाफेसकट भरला तर पिशवीत पाणी सुटून पाकिटात बर्फ धरतो. आता जे करते ते तीन वाट्या कोलमच्या हिशेबाने सांगते. तीन वाट्या म्हणजे साधारण अर्धा किलो तांदूळ आणि त्याचा होतो सव्वा ते दीड किलो भात. पाणी नेहमीपेक्षा किंचित कमी घालायचं. कुकर उघडला की सगळा भात दोन स्वच्छ, कोरड्या स्टीलच्या परातींत उलथायचा आणि काट्याने हलक्या हाताने पसरायचा. थर दोन सेंटिमीटरच्या वर नको. झारा दाबून पसरू नका, शितं मोडतात आणि तिथेच गोळे होतात. परातीखाली गार पाणी घातलेलं मोठं ताट ठेवलं तर काम आणखी लवकर होतं. पंखा लावायचा, वर जाळी ठेवायची आणि पाच-सात मिनिटांनी एकदा खालचा भात वर आणायचा.

पंधरा-वीस मिनिटांत वाफ थांबते. भात हाताला कोमट लागला, चमच्याने उचलल्यावर शितं सुटी पडली पण अजून मऊ आहेत, की लगेच भरायला घ्यायचा. गारढोण होण्याची वाट पाहायची नाही. सासूबाई अजूनही म्हणतात, "अगं, कोमट ठेवलंस तर फ्रीज बिघडेल." कुकरचा अख्खा गरम डबा आत सरकवला तर बाकीच्या वस्तू तापतात, हे बरोबर आहे. पातळ, कोमट पाकिटांनी फ्रीजला काही होत नाही.

भरणं सोपं आहे. एका पाकिटात एका माणसाचा भात, सुमारे पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे वरच्या हिशेबाने आठ पाकिटं. झिपच्या पिशवीत भरून तळहाताने सपाट करा, हवा काढा, मार्करने तारीख टाका. फ्रीझरमध्ये पाकिटं पहिल्यांदा एकमेकांवर रचू नका. स्टीलच्या ताटात एका थरात ठेवा आणि दगड झाली की पुस्तकांसारखी उभी लावा.

किती दिवस टिकतो? फ्रीझर खरोखर उणे १८ अंशांवर असेल तर भात तिथे बिघडत नाही, कारण जिवाणू वाढूच शकत नाहीत. बिघडते ती चव. दोन महिन्यांनंतर शितं पांढरी, कोरडी पडायला लागतात, म्हणून मी महिन्या-दीड महिन्यात संपवते. सिंगल डोअर फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यावर एवढा विश्वास टाकू नका. तिथे पंधरा दिवस पुरेत. साध्या फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, भात एकच दिवस ठेवावा. तिथे तो कडकही जास्त होतो.

गरम करताना पाकीट ओट्यावर काढून वितळवत बसू नका. गोठलेला भात सरळ काचेच्या भांड्यात काढा, एक-दोन चमचे पाणी शिंपडा, झाकण सैल ठेवा आणि मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं द्या. बाहेर काढून गोळा फोडा, कडेचा भात मध्ये आणि मधला कडेला करा, पुन्हा एक ते दीड मिनिट. मग मिनिटभर झाकून ठेवा. मधोमध चमचा घातल्यावर तिथूनही वाफ आली पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आकडा ७५ अंश हवा. मायक्रोवेव्ह नसेल तर भांड्यात काढून इडलीपात्रात दहा-बारा मिनिटं वाफवा, पिशवीसकट मात्र नाही. फोडणीच्या भातासाठी गोठलेलाच भात कढईत टाका आणि आधी झाकण ठेवून वाफ आणा, मग परता. एकदा गरम केलेला भात उरला तर टाकून द्या. पुन्हा गरम नाही, पुन्हा फ्रीझरही नाही.

डब्याचं वेगळं सांगते, कारण पाकिटं बहुतेक त्यासाठीच केलेली असतात. सकाळी सातला भात गरम करून डब्यात भरायचा, घणसोलीहून लोकल पकडायची आणि एक वाजता तो कोमट भात खायचा, म्हणजे पहिल्या तासात जे टाळलं तेच पुन्हा सहा तास करायचं. ऑफिसात फ्रीज आणि मायक्रोवेव्ह असेल तर पाकीट गोठलेलंच न्या, पोचल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि जेवताना गरम करा. ती सोय नसेल तर त्या दिवशी पोळी-भाजी न्या.

लाईट गेली तर फ्रीझरचं दार उघडू नका. भरलेला वेगळा फ्रीझर बंद राहिला तर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस, फ्रीजच्या वरचा छोटा कप्पा त्याहून बराच कमी. गावाहून परत आल्यावर आधी डब्यात सुटे काढून ठेवलेले बर्फाचे तुकडे बघा. ते वितळून एकच सपाट लादी झाली असेल, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. ती पाकिटं कितीही कडक लागली तरी टाकून द्यायची.