मिरचीच्या देठाचं दही आणि चांदीचं नाणं: या चुका टाळा

घरात विरजण नसलं तर मिरचीच्या देठांनी दही लागतं, चांदीच्या नाण्यानं लागत नाही. पण हे दोन्ही उपाय कायम एका दमात सांगितले जातात. त्यामुळे देठांचं दही बिघडलं की "असले उपाय खोटेच" म्हणून हात झटकले जातात, आणि नाणं घातलेलं दूध योगायोगानं लागलं की चांदीचे गुण गायले जातात.

दूध आपणहून दही होत नाही. त्यातली साखर खाऊन आम्ल तयार करणारे जंतू लागतात. आम्ल पुरेसं वाढलं की दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून जाळं करतात आणि पाणी त्यात अडकतं, तेच आपलं घट्ट दही. विरजण म्हणजे त्या जंतूंची तयार फौज. हिरव्या मिरचीच्या देठावर, त्यातही देठ आणि मिरची जोडणाऱ्या हिरव्या टोपीच्या खाचांमध्ये, अशाच जातीचे रानटी जंतू चिकटून असतात. तिथे ओल असते, थोडी साखर असते, उन्हाची तिरीपही कमी पोचते. देठं कोमट दुधात पडली की हे जंतू दुधात उतरतात. मिरचीचा तिखटपणा यात काही करत नाही. देठात दूध गोठवणारं काही द्रव्य असतं असंही सांगतात, पण तसं असतं तर दही तासाभरात लागलं असतं आणि गोड राहिलं असतं. इथे बारा-चौदा तास लागतात आणि दही आंबट होतं.

पहिल्या खेपेचं दही ताटात वाढणं ही सगळ्यात मोठी चूक.

देठावर फक्त कामाचे जंतू नसतात. वाशीच्या घाऊक बाजारात गोणीतून आलेली मिरची तिथून सेक्टरच्या भाजीवाल्याकडे, त्याच्या ओल्या गोणपाटावरून आपल्या पिशवीत येते. वाटेत माती, पाणी, हात, सगळ्यांचं थोडं थोडं देठावर बसतं. दुधात पडल्यावर पहिले काही तास दूध अजून आंबट झालेलं नसतं, आणि तेवढ्या वेळात नको ते जंतूही मजेत वाढतात. पुढे आम्ल वाढलं की त्यातले बरेचसे मागे पडतात आणि आम्ल सोसणारे पुढे येतात. तयार विरजण घातलेल्या दुधात आम्ल लवकर चढतं, म्हणून नको त्या जंतूंना संधीच मिळत नाही. देठांच्या दुधात मात्र ही संधी कित्येक तासांची असते.

म्हणून पहिल्या खेपेला दही न म्हणता विरजण म्हणायचं आणि तसंच वापरायचं. त्यातला एक लहान चमचा पाव लिटर ताज्या कोमट दुधात घालायचा. दुसरी खेप साधारण सात-आठ तासांत लागते, तिसरी पाच-सहा तासांत. वेळ असा कमी होत गेला की समजायचं, कामाच्या जंतूंनी ताबा घेतला आहे. खायला घ्यायचं ते तिसऱ्या खेपेपासून. लहान बाळ, गरोदर बाई, आजारातून उठलेलं माणूस किंवा वयस्कर मंडळी घरात असतील तर त्यांच्यासाठी देठांच्या भानगडीत पडूच नये. खालच्या दुकानातून साध्या दह्याचा छोटा कप आणावा.

नेरूळला आमच्या मजल्यावरच्या काकूंनी पावसाळ्यात हा उपाय केला होता. सकाळी पातेलं घेऊनच दारात उभ्या. "अहो, वरून बघा किती छान लागलंय, पण चमचा घातला की शेंबडासारखं ओढलं जातंय."

त्यांनी काय काय केलं ते विचारलं. अर्धा लिटर टोन्ड दूध उकळून कोमट केलं होतं, मूठभर देठं घातली होती, स्टीलच्या पातेल्यावर झाकणी ठेवून ते ओट्यावर खिडकीशी ठेवलं होतं. सगळं बरोबर वाटतं. पण पावसाळ्यात रात्री ओट्यावर सव्वीस-सत्तावीस अंश असतात, वर स्टीलचं पातेलं, कशात न गुंडाळलेलं. दूध तासा-दीड तासातच गार झालं असणार. गार दुधात तार सोडणारे जंतू जोर धरतात आणि घट्ट, आंबट दही करणारे मागे राहतात. वरचा थर लागलेला दिसला तरी आतून चिकट, आणि तळाशी पाणी सुटलेलं.

ते दही फेकायला मी सांगितलं नाही, कारण वास स्वच्छ आंबट होता आणि बुडबुडे नव्हते. खाऊ मात्र दिलं नाही. देठं काढून टाकली, मधला एक चमचा घेतला आणि पाव लिटर दुधात घातला. दूध या वेळी बोट आत ठेवून सावकाश दहा मोजता येतील इतकं गरम होतं, म्हणजे चाळीस अंशांच्या आसपास. ते डब्यात भरून पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये ठेवलं आणि कॅसरोल टॉवेलात गुंडाळला. ती खेप थोडी चिकट निघाली, पण तार आखूड झाली होती. पुढच्या खेपेला कवडी पडली. काकूंनी त्याची कढी केली आणि मला वाटीभर पाठवली. कढी उकळून होते म्हणून काकू आधीच्याच दह्याची करायच्या बेतात होत्या, पण उकळल्यानं सगळं सुधारतं असं नाही. काही जंतू दुधात विष सोडतात आणि ते उकळूनही जात नाही.

खराब झालेलं ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दह्यात स्पंजासारखी भोकं, झाकणाखाली फसफस, कडवट चव, शेणकट किंवा कुजका वास, गुलाबी, केशरी वा हिरवट डाग, यातलं काहीही दिसलं की सरळ बेसिनमध्ये ओतायचं. त्याचा चमचा पुढच्या खेपेला घालायचा नाही. जंतूही त्या चमच्याबरोबर पुढे जातात. नुसती तार आणि स्वच्छ वास असेल तेवढंच वाचवण्यासारखं.

देठांची फार स्वच्छता करणं ही सुशिक्षित घरातली चूक. भाजी मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवायची सवय असते, त्याच पाण्यातून देठं काढून दुधात टाकली की दूध सकाळी दूधच राहू शकतं. कोणी देठं उकळत्या पाण्यातून काढतं, मग तर प्रश्नच नाही. नळाखाली एकदा धुवायची, माती जाईपर्यंतच, आणि स्वच्छ कपड्यानं टिपायची. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे काळी पडलेली, सुकलेली देठं वापरणं. त्यावर बुरशी असते. फ्रीजमध्ये पंधरवडा पडलेल्या मिरच्यांची देठं नकोत. ताजी, हिरवी, टोपीसकट काढलेली देठं हवीत. पाव लिटर दुधाला आठ-दहा पुरतात. मिरचीचा गर देठाबरोबर तुटून आला तर दही तिखट लागेल, एवढाच तोटा.

दूध चुकीचं घेणं. दूध फार गरम असताना देठं टाकली तर जंतू मरतात. पन्नास अंशांच्या वर गेलं की त्यांचं खरं नाही. टेट्रापॅकचं दूध चालतं, पण घरी साय येईपर्यंत उकळलेल्या दुधाचं दही जितकं घट्ट होतं तितकं त्याचं होत नाही. पहिल्या खेपेला फार पातळ दूध घेऊ नये. गाईच्या किंवा टोन्ड दुधाचं दही मऊ लागतं आणि "बिघडलंय" असा संशय उगाच येतो.

आता नाणं. चांदीवर जंतू राहत नाहीत असं आपणच अभिमानानं सांगतो, आणि मग त्याच चांदीनं जंतूंचं काम करावं अशी अपेक्षा ठेवतो. चांदीचे सूक्ष्म कण पाण्यात जंतूंना मारक ठरतात हे खरं. दुधात मात्र प्रथिनं आणि क्षार ते कण पकडून ठेवतात, त्यामुळे नाणं फारसं मारतही नाही. जंतू आणत नाही आणि विशेष मारतही नाही, असा तो पाहुणा.

तरीही काही घरांत नाण्यानं दही लागतं. ते कसं, हे दोन वाट्यांत कळतं. नाणं दहा मिनिटं उकळा. दोन वाट्या, झाकण्या आणि चमचा उकळत्या पाण्यानं धुवा. एकाच पातेल्यातलं उकळलेलं दूध कोमट झाल्यावर दोन्हींत ओता, एकीत नाणं टाका, दुसरीत काहीच नाही. दोन्ही वाट्या शेजारी शेजारी ठेवा. सकाळी दोन्ही सारख्याच निघतात. रिकाम्या वाटीतलंही दूध घट्टसर दिसलं तर हुरळू नका. उकळूनही टिकणारे बीजरूप जंतू दुधात असतात आणि ते उबेत जागे होऊन दूध गोठवतात, पण आंबट करत नाहीत. असं दूध गोडसर-कडवट लागतं, ते टाकायचं.

घरात एरवी नाण्याची वाटी खरोखर आंबट, छान लागली असेल तर विरजण कुठून आलं ते शोधा. साईचं भांडं हा पहिला संशयित. साय साठवताना त्यात विरजण घालायची पद्धत आहे आणि तोच चमचा दुधात गेला की पुरे. रोज ज्या वाटीत दही लागतं तिच्या काठाच्या खाचेत, झाकणीच्या कडेला, दह्याच्या हातानं उचललेल्या नाण्यावर, कुठेही पुरेसे जंतू राहतात.

नाणं मुद्दाम नकोच, याला आणखी एक कारण आहे. आजीच्या पेटीतले राणीछाप रुपये जवळपास शुद्ध चांदीचे, सुमारे 91.7 टक्के. पण 1940 ते 1945 मधल्या रुपयांत चांदी निम्मीच, बाकीत बराचसा तांब्याचा भाग. आणि लक्ष्मीपूजनाला घेतलेलं नाणं पुष्कळदा जर्मन सिल्व्हरचं निघतं, ज्यात चांदी मुळीच नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. असलं नाणं रात्रभर आंबट दह्यात राहिलं तर तांबं दह्यात उतरतं, चव धातूसारखी होते आणि नाण्याभोवती हिरवट कडा दिसते.

एकदा चांगलं विरजण हाती आलं की पुन्हा देठांकडे जायची वेळ येऊ नये. बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा दही घालून गोठवा, खडे डबीत भरून ठेवा. महिनाभर तरी ते व्यवस्थित काम देतात, फक्त पहिल्यांदा लागायला तास-दोन तास जास्त घेतात. आणि विरजण म्हणून टेट्रापॅकमधलं ताक आणू नका. ते टिकावं म्हणून तापवलेलं असतं, त्यात जिवंत जंतू उरलेले नसतात.